सतरा पट्ट्यांतली आग

चीनच्या वायव्येला गोबीच्या वाळवंटातून एजिन नावाची नदी उत्तरेकडे वाहत जाते. तिच्या काठाने हान साम्राज्याने चौक्यांची रांग उभारली होती. हा टापू जुयेन म्हणून ओळखला जात असे. पलीकडच्या गवताळ मुलखातून श्युंगनू घोडेस्वार येत, आणि नदीच्या पाण्यावर पिकणारी शेती अलीकडे होती. हवा इतकी कोरडी की दोन हजार वर्षांपूर्वी शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या इथे तशाच राहिल्या. १९३० साली फोल्के बर्गमन या स्वीडिश संशोधकाला त्यातल्या सुमारे दहा हजार सापडल्या आणि १९७२ ते १९७४ च्या उत्खननात आणखी वीस हजारांच्या आसपास. बहुतेक पट्ट्यांवर शिधावाटपाचे हिशेब, हत्यारांच्या याद्या, रजेचे अर्ज असला दप्तरी मजकूर आहे. त्यातच १९७४ साली एका ठाण्याच्या खोलीत सतरा पट्ट्यांचा एक संच मिळाला. नेहमीची पट्टी २३ सेंटीमीटरची असते, या ३८ च्या पुढे जातात. काळ इसवी सनाच्या पहिल्या शतकाचा पूर्वार्ध. विषय एकच: शत्रू दिसला तर कोणी, काय, किती पेटवायचे.

नियमांच्या या मजकुराला मी साहित्य म्हणून वाचतो, कारण असे काटेकोर गद्य फार थोड्या ठिकाणी भेटते.

आधी त्याची अक्षरे पाहू. दिवसासाठी मुख्य खूण म्हणजे कापडाने किंवा गवताने मढवलेली टोपली. ती विहिरीवरच्या ओकतीसारखी दांड्याने वर चढवायची. तिच्या जोडीला कापडाचा मोठा झेंडा. रात्रीसाठी बोरूच्या काड्या आवळून बांधलेल्या चुडी. आणि दिवसरात्र दोन्हींसाठी सरपणाची रास, दिवसा धूर आणि रात्री ज्वाळा देणारी. या राशी बुरुजाबाहेर जमिनीवर रचलेल्या असत. ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये तुन्हुआंगजवळच्या अशाच सरहद्दीवर त्या सापडल्या: मोळ्यांचे थर एकावर एक आडवे-उभे, वाळूतल्या क्षारांनी दगडासारखे कडक झालेले. इतकीच अक्षरे. टोपली, झेंडा, चूड, रास, आणि प्रत्येकाची संख्या एक किंवा दोन.

या तुटपुंज्या सामग्रीतून मजकूर सर्वांत आधी सांगतो तो ठिकाणाचा पत्ता. ठाण्यांचे तीन विभाग होते. उत्तरेला थ्येनपेइ, मध्ये च्याछू आणि नंतर सानशिचिंग, म्हणजे ‘तीस विहिरी’. श्युंगनू रात्री च्याछूच्या हद्दीत घुसले तर एक रास पेटवायची आणि दोन चुडी उजाडेपर्यंत अखंड धरायच्या. तीस विहिरींच्या पूर्व टोकाला घुसले तर रास एकच, पण चूडही एकच. आणि थ्येनपेइत घुसले तर? इथे नियम लिहिणाऱ्याची कल्पकता दिसते. दोन चुडी जवळ आणायच्या, मग दूर न्यायच्या, पुन्हा जवळ आणायच्या. एक आणि दोन हे आकडे खर्ची पडले होते. तीन चुडी दुरून मोजताना चूक होण्याची भीती, म्हणून त्याने तिसऱ्या आकड्याऐवजी हालचाल वापरली. दुरून पाहणाऱ्या डोळ्याला मोजण्यापेक्षा हलणे ओळखणे सोपे, हे त्याला अनुभवातून कळलेले असणार.

प्रत्येक नियमाच्या शेवटी उरलेल्या दोन विभागांनी त्याच बरहुकूम प्रतिसाद द्यावा असे कलम येते, आणि वाचताना ते कंटाळवाणे वाटते. पण सगळी साखळी त्याच वाक्यावर टिकली आहे. मधल्या चौकीने आपली स्वतःची खूण दाखवायची नाही, आलेली खूण जशीच्या तशी पुढे द्यायची. एखाद्या झोपाळू शिपायाने दोन चुडींच्या जागी एक धरली, तर पुढच्या सगळ्या चौक्या प्रामाणिकपणे तीच चूक पुढे नेणार आणि हल्ला वेगळ्याच विभागात झाला असे मुख्य ठाण्याला वाटणार. म्हणूनच कोणाकडून, कोणत्या वेळी खूण आली आणि पुढे कोणाला दिली, याच्या नोंदी ठेवल्या जात. तपासनीस चौकीवर येऊन चुडी कमी आहेत, झेंडा फाटला आहे, राखणीचा कुत्रा जागेवर नाही असे दोष टिपून ठेवीत. त्या याद्याही पट्ट्यांत आहेत.

दुसरी गोष्ट संख्येची. हजार किंवा अधिक स्वार आत आले तर एका राशीऐवजी दोन पेटवायच्या. चौकीवर, गढीवर किंवा शेतघरांवर हल्ला झाला तरीही दोन. म्हणजे एक हजार हीच काय ती पायरी. शत्रू पाचशे आहे की सातशे, कुठल्या सरदाराचा आहे, परतीच्या वाटेला लागला आहे का, यातले काहीही आगीला सांगता येत नाही. मिळालेल्या वेगाची किंमत ही आहे: जवळजवळ सगळा मजकूर आधीच ठरवून ठेवायचा, आणि वेळ आली की त्यातले एकच वाक्य निवडायचे.

माझ्या मते या संचातले सर्वांत सुंदर कलम मात्र शत्रू तटबंदीच्या बाहेर दिसतो, अजून आत आलेला नाही, त्या वेळचे आहे. तेव्हा टोपली चढवा, पण रास पेटवू नका. कारण उघड आहे. चढवलेली टोपली उतरवता येते, पेटलेली रास परत रचायला दिवस लागतात आणि वाळवंटात सरपण मिळत नाही. शिवाय धूर एकदा आकाशात गेला की माघारी बोलावता येत नाही. म्हणजे खुणांमध्ये एक चढती श्रेणी आहे. संशयाला मागे घेता येणारी खूण, खात्रीला मागे न घेता येणारी. याच कलमात पुढे लिहिले आहे की चूक झाली असेल तर टोपली ताबडतोब उतरवा, आग विझवा आणि अधिकाऱ्याने लेखी पत्र घोड्यावरून मुख्य ठाण्याला धाडावे. इथे थोडे थांबावे. ‘काही झालेले नाही’ या वाक्यासाठी सबंध संकेतात एकही खूण नाही. आग फक्त होकार देऊ शकते. नकार द्यायचा असेल तर लाकडी पट्टी, शाई आणि घोडा लागतो, आणि घोडा कितीही धावला तरी तोवर पुढच्या चौक्यांवर धावपळ झालेली असते. नियम लिहिणाऱ्याने हे दुखणे लपवलेले नाही. त्याने त्यावर जमेल तो इलाज नेमला.

आग जिथे हरते त्या जागा त्याने एकेक करून गाठल्या आहेत. चौकीला वेढा पडला आणि शिपायांना खाली उतरून रास पेटवता येत नाही? रास बाहेर असल्यामुळे हे सहज घडणारे. तेव्हा शेजारच्या चौकीने तिच्या वतीने खूण चढवायची, सरपण पेटवायचे आणि पुढच्यांनी क्रमाने ती न्यायची. सोसाट्याचा वारा किंवा पाऊस असेल आणि आगीची खूण देणे शक्य नसेल, तर पत्र द्या, माणसे पळवा, घोडे दौडवा. रात्री माणसांचा आणि घोड्यांचा नुसता आवाज आला, किंवा सूर्य मावळता मावळता स्वार दिसले, तरी काय करायचे तेही आहे. संधिप्रकाशाची वेळ फार अडचणीची असते, टोपली दिसेनाशी झालेली आणि चूड अजून उठून न दिसणारी. ज्याने अशा वेळी बुरुजावर उभे राहून पलीकडे डोळे ताणले असतील त्यालाच हे कलम सुचले असेल.

घुसखोरी कळायची कशी, त्याचाही उपाय तितकाच साधा. सरहद्दीच्या कडेने वाळूचा पट्टा सपाट करून ठेवायचा आणि रोज त्याच्या कडेने चालत माणसांचे, घोड्यांचे माग पाहायचे. शिपायांच्या दिनक्रमातला तो ठरलेला भाग होता.

आता वेगाकडे येतो. हान काळाच्या पुष्कळ नंतर, थांग राजवटीच्या नियमात आग एका अहोरात्रीत दोन हजार ली गेली पाहिजे असे आहे, म्हणजे हजार किलोमीटरच्या आसपास. तेव्हाच्या ठाण्यांमधले अंतर साधारण तीस ली. भागाकार केला तर चोवीस तासांत सदुसष्ट ठाणी, एका ठाण्याला सुमारे एकवीस मिनिटे. उजेडाला तीस ली पार करायला वेळ लागत नाही. ही एकवीस मिनिटे पूर्णपणे माणसांची आहेत. पलीकडची खूण दिसायची, ती ढग किंवा धूळ नाही याची खात्री करायची, मोजायची, आपली पेटवायची आणि पुढच्याने ती घेतली का हे पाहत राहायचे. पुढचा उत्तर देत नसेल तर पायी माणूस धाडावा असा दंडक होता.

थांग कायद्यात यावरच्या शिक्षा आहेत आणि त्यांतले तोल वाचण्यासारखे आहेत. खूण द्यायला हवी असताना न देणे, जास्त द्यायच्या ठिकाणी कमी देणे, पुढचे ठाणे गप्प असताना निरोप न पाठवणे: तीन वर्षांची सक्तमजुरी. त्यामुळे वस्ती, सैनिक किंवा ठाणे शत्रूच्या हाती पडले तर गळफास. नको तेव्हा खूण देणे, कमीच्या ठिकाणी जास्त देणे: एक वर्ष. खोट्या हाकेपेक्षा मौन तिप्पट महाग. आणि ठाण्याभोवती दोन लीच्या आत कोणी सहज धूर किंवा आग केली, तर त्यालाही एक वर्ष. ज्या आकाशावर लिहायचे ते कोरे ठेवण्याचा हा कायदा.

पुढे १४६६ मध्ये मिंग दरबाराने धुराच्या जोडीला तोफ आणली. शत्रू एक-दोनपासून शंभरभरापर्यंत असेल तर एक धूर, एक तोफ, पाचशेला दोन, हजाराच्या वर तीन, पाच हजाराच्या वर चार, दहा हजाराच्या वर पाच. आवाज दिवसरात्र ऐकू जातो आणि डुलकी घेणाऱ्यालाही उठवतो, हा फायदा मोठा आहे. तरी मला ही यादी जुयेनच्या पट्ट्यांपुढे कोरडी वाटते. ती फक्त मोजते. चुकीचा, वेढ्याचा, वाऱ्याचा विचार तिच्या त्या पाच पायऱ्यांत नाही.

पण इतक्या लवकर बातमी पोचवून होत काय असे? इ. स. पू. १५८ मध्ये श्युंगनूंनी दोन प्रांतांवर तीस-तीस हजार स्वारांनिशी धाड घातली, तेव्हा आगीची साखळी राजधानी छांगआनपर्यंत दिसली असे इतिहासकार स्सिमा छ्येन लिहितो. सैन्य सरहद्दीवर पोचले ते काही महिन्यांनी. तोवर शत्रू दूर निघून गेला होता आणि सैन्यही परतले. राजधानीला ती आग फारशी उपयोगी पडली नाही. जुयेनच्या नियमकर्त्याला याची कल्पना असावी, कारण त्याच्या मजकुरात मुख्य ठाण्याइतकीच दखल जवळपासच्या लोकांची आहे. आगीची खूण दिसताच जिल्ह्याच्या आणि शेतीखात्याच्या अधिकाऱ्यांनी लोकांना तातडीने हुकूम द्यावा, असे एक कलम आहे. पट्टी मध्येच खराब झाली आहे, पण शेतात राबणारे आणि गुरे चारणारे यांचा उल्लेख वाचता येतो. सैन्याला महिने लागले तरी त्यांना गढीच्या आत पोचायला काही तास पुरत होते.