स्पर्धा कशाची, हे आधी विचारा

शिरूरहून दौंडला जाताना एस.टी. न्हावऱ्यावरून चौफुल्याला येते आणि तिथून पाटसमार्गे दौंडला वळते. या वाटेने बहिणीकडे जाऊन-येऊन माझी निम्मी हयात गेली. मागच्या खेपेला तिच्या घरात टीव्ही बंद होता. भाचा रागात होता. तो भीमजयंतीच्या गायन पार्टीत गातो, गळा पल्लेदार आहे. गाण्याच्या एका स्पर्धेच्या निवडचाचणीला तो पुण्याला गेला होता. पहाटेपासून रांगेत उभा राहिला, दुपारी नंबर लागला. धृपदाच्या दोन ओळी झाल्या आणि त्याला थांबवलं. मग विचारलं, "वडील काय करतात?" सफाई कामगार होते, वारले, असं त्याने सांगितलं. पुढची पाच मिनिटं सगळे प्रश्न वडिलांच्या मरणाचे. गाण्याचा एकही नाही. शेवटी "कळवू" म्हणाले आणि कळवलं नाही.

"मामा, यातलं काही बघण्यासारखं आहे का? की सगळंच सोडून द्यायचं?" तो म्हणाला.

सगळं सोडून द्या, हे उत्तर सोपं आहे. सुशिक्षित मध्यमवर्ग ते नाक मुरडून देतोच. पण आपल्या वस्तीत रात्री नऊला हेच चालू असतं. तेव्हा नकार द्यायचा तो तपासून द्यावा. त्यासाठी मी एकच प्रश्न धरतो : ही स्पर्धा नेमकी कशाची आहे, आणि आठवड्याआठवड्याला त्या गोष्टीबद्दल आपल्याला नवं काय कळतं?

आपल्याकडे स्पर्धा नवी नाही. एका मंचावर दोन गायन पार्ट्यांचा दुरंगी सामना आपल्या बापजाद्यांनी रात्र रात्र ऐकला आहे. एकाने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जवाब द्यायचा. गायकाच्या घरी किती दारिद्र्य आहे, हे तिथे कोणी विचारत नसे. सगळ्यांच्याच घरी ते होतं. जवाब बसला की नाही, एवढंच श्रोता बघायचा. स्पर्धा कशाची आहे, हे त्या श्रोत्याला ठाऊक होतं.

आता एक ताजं उदाहरण घेऊ. 6 ऑक्टोबर 2024 रोजी 'बिग बॉस मराठी'चं पाचवं पर्व संपलं. सूरज चव्हाण जिंकला आणि अभिजीत सावंत दुसरा आला. सूरज आपल्या शेजारच्या बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा, लहानपणीच आईबाप गेलेला, मोबाईलवरच्या छोट्या चित्रफितींतून माहीत झालेला पोरगा. अभिजीत म्हणजे 2005 साली 'इंडियन आयडॉल'चं पहिलं पर्व जिंकलेला गायक. सूरजच्या विजयाचा मलाही आनंद झाला, हे लपवत नाही. ज्यांना कोणी दारात उभं करत नाही, त्यातला एक पोरगा ट्रॉफी घेऊन उभा होता.

पण आनंद ओसरल्यावर विचारलं पाहिजे की तो कशात जिंकला? या खेळात घरातली माणसं एकमेकांना बाहेर काढण्यासाठी नावं देतात, प्रेक्षक मत देतात, कमी मतांचा माणूस घराबाहेर जातो. कसोटी कशाची, हे कुठेच ठरलेलं नाही. म्हणून मत पडतं ते माणसाबद्दल वाटणाऱ्या भावनेला. सूरजच्या बाबतीत ती भावना बहुतांशी कणवेची होती. त्याला 'भोळा', 'साधा' म्हणून कौतुकलं गेलं. भोळेपणाचं कौतुक करणारा समाज त्या पोराला शाळा का सुटली, हे विचारत नाही. कणव म्हणजे सन्मान नव्हे. कणव वरून खाली येते आणि पर्व संपलं की तीही संपते.

तेव्हा हा खेळ रोज बघायची गरज नाही. आठवडाभराची भांडणं शनिवार-रविवारी सूत्रसंचालक पुन्हा मांडतो, कोणाला झापतो, कोणाला शाबासकी देतो. पाचव्या पर्वात रितेश देशमुख यांच्या या भागाला 'भाऊचा धक्का' म्हणत. तेवढा पाहिला तरी आठवडा कळतो. मधले पाच दिवस आपल्याला त्याहून अधिक काही देत नाहीत.

गाण्याच्या स्पर्धेचं तसं नाही, निदान सगळी तशी नाही. वैशाली माडे घ्या. विदर्भातल्या हिंगणघाटची ही गायिका 2009 साली हिंदी 'सारेगमप'ची स्पर्धा जिंकली. पुढे 'बाजीराव मस्तानी'त श्रेया घोषाल यांच्यासोबत तिचा आवाज आला. तीच वैशाली 2019 मध्ये 'बिग बॉस मराठी'च्या दुसऱ्या पर्वातही होती. माणूस एक, स्पर्धा दोन. पहिलीत आठवड्याआठवड्याला तिच्या गळ्याचा एकेक पदर उलगडत गेला. दुसरीत ती कोणाच्या गटात आहे आणि कोणाशी बोलत नाही, एवढंच कळलं. अभिजीतच्या बाबतीतही हाच फरक दिसतो.

गाण्याच्या स्पर्धेचे तीन टप्पे असतात. सुरुवातीच्या निवडचाचणीत गाणं थोडं आणि घरची कहाणी फार. तो टप्पा खुशाल सोडावा. शेवटी प्रेक्षकांची मतं येतात, आणि मतं गळ्याइतकीच गावाची नि गोताची असतात. तेव्हा महाअंतिम सोहळ्याचा निकाल दुसऱ्या दिवशी कळला तरी बिघडत नाही. पाहायचा तो मधला टप्पा. एका आठवड्याला भक्तिगीत, पुढच्याला लावणी, त्यापुढे नाट्यगीत असं एकाच गळ्याला वेगवेगळ्या वाटांनी चालवतात, तेव्हा तो गळा कुठे तोकडा पडतो ते दिसतं.

मी भाच्याला सांगितलं, सलग तीन आठवडे बघ. डोळे मिटून ऐक, म्हणजे दिवे नि रडणारी आई मध्ये येणार नाही. धृपद सगळेच घोटून आणतात, म्हणून दुसऱ्या अंतऱ्याकडे कान दे. श्वास तिथे तुटतो, शब्द तिथे चावले जातात. मग परीक्षक काय बोलतो ते बघ. कोणत्या ओळीत सूर उतरला, कुठे लय पुढे पळाली, हे तो सांगतो का? तो दोष पुढच्या आठवड्यात सुधारलेला दिसतो का? तसं असेल तर ती शाळा आहे, फुकटची. बघत राहा. आणि तिन्ही आठवडे सगळ्यांनाच 'अंगावर काटा आला' असेल, तर चौथ्या आठवड्यापासून टीव्ही बंद कर.

ही कसोटीही पुरी नाही, हे मान्य आहे. ध्वनिमुद्रित आवाज प्रसारणाआधी दुरुस्त करता येतो आणि घरी बसून ते ओळखणं अवघड असतं. म्हणून जो गायक आवडला, त्याला एकदा तरी उघड्या मंचावर ऐकावं.

परतताना चौफुल्याला गाडी थांबली. इथल्या संगीतबारीची बाई बैठकीच्या लावणीत स्वतः गाते, अदा करते, समोरच्याचा नूर पाहून तीच ओळ दहा तऱ्हांनी फिरवते. टीव्हीवरच्या लावणीच्या स्पर्धेचे जे भाग मी पाहिले, त्यांत मुद्रित गाणं वाजत होतं आणि बाई नाचत होती. नाच वाईट नव्हता. पण पिढ्यान्पिढ्या जिने ही कला जगवली, तिचा आवाजच तिच्याकडून काढून घेतला होता. परीक्षक नऊवारीचं आणि ठसक्याचं कौतुक करत होते. ज्या स्पर्धेत कलेचं अर्धं अंगच तपासलं जात नाही, ती दर आठवड्याला कशासाठी बघायची?

भाच्याचा फोन आला होता. त्याने तीन आठवडे एक स्पर्धा ऐकली आणि चौथ्याला सोडली. दुसरी मात्र धरून ठेवली आहे. तिथल्या परीक्षकाने एका मुलीला ओळीच्या मध्येच श्वास घेते म्हणून थांबवलं होतं. "मामा, मीही तिथंच श्वास घेतो," तो म्हणाला.

आता पुन्हा निवडचाचणीला जायचं, तर वडिलांबद्दल विचारल्यावर काय सांगायचं, हेही त्याने ठरवलं आहे. म्हणणार आहे, "आधी दुसरा अंतरा ऐका."