सोळाव्या सत्रानंतर काय?

लहान मुलांच्या चिंताविकारांवरचं 'कोपिंग कॅट' हे फिलिप केंडल यांचं मॅन्युअल मला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. सोळा सत्रं. पहिल्या आठात मूल आपली भीती ओळखायला आणि तिच्याशी बोलायला शिकतं, उरलेल्या आठात भीतीच्या प्रसंगांना पायरीपायरीने सामोरं जातं. शेवटच्या सत्रात ते शिकलेल्या गोष्टींची एक 'जाहिरात' तयार करतं. गाणं, नाटुकलं, काहीही. मग प्रमाणपत्र आणि छोटासा समारंभ. मुलाला 'हे मी केलं' असं वाटावं म्हणून केलेली ही योजना फार हुशारीची आहे.

माझी तक्रार त्या समारंभाबद्दल नाही, पालकांच्या वाट्याबद्दल आहे. खास पालकांसाठी ठेवलेली सत्रं फक्त दोन, चौथं आणि नववं. शेवटी पुढच्या सरावाबद्दल त्यांच्याशी बोलायला सांगितलं आहे, पण तोवर सगळं थेरपिस्टच्या हातात असतं. भीतीला सामोरं जाण्याचे प्रसंग तीच आखते, तीच पार पाडते. आणि मग एके दिवशी ती नाहीशी होते.

एक उदाहरण घेऊ. (मुलगी मी रचलेली आहे, पण असं काम करणाऱ्या कुणालाही ओळखीची वाटेल.) नऊ वर्षांची, आईपासून दूर राहायची भीती. 0 ते 8 च्या भीतीमापकावर शाळेच्या फाटकात आईला सोडणं सुरुवातीला 7 होतं, सोळाव्या सत्रात 2. जाहिरात झाली, प्रमाणपत्र फ्रिजवर लागलं. दोन महिन्यांनी ताप आला, पाच दिवस घरी. सोमवारी पोटात दुखायला लागलं. आई म्हणाली, "राहू दे आज." मंगळवारी आई मधल्या सुट्टीपर्यंत शाळेतच थांबली. शुक्रवारी आकडा 6.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सोमवार ही ठेच आहे, आजार उलटणं नव्हे. तापानंतर अशी ठेच लागणारच. पण घरी राहिल्यावर पोट दुखायचं थांबलं, मुलीला बरं वाटलं, आईलाही. ही सुटकाच पुढच्या टाळाटाळीला खतपाणी घालते. शिवाय प्रमाणपत्र मिळालेल्या मुलीबद्दल थेरपिस्टला फोन करायचा म्हणजे नापास झाल्यासारखं वाटतं, म्हणून फोन होतच नाही.

सगळ्यात फसवी अवस्था त्याच्याही पुढची. आई कामाची वेळ बदलून घेते, रोज शाळेत थांबते. मुलगी रडत नाही, पोट दुखत नाही. तीन महिन्यांनी फोनवर कुणी विचारलं, "कशी आहे?" तर उत्तर येतं, "छान!" आणि ते खोटंही नसतं. लक्षणं खरंच दिसत नाहीत, कारण सगळं घरच भीतीभोवती बसवून घेतलेलं असतं. म्हणून पाठपुराव्यात प्रश्न असे हवेत: गेल्या महिन्यात तिच्यासाठी घरात काय बदललं? कुठे जायचं टाळलं? कोण कोणासाठी थांबतं?

मग समारोप कसा करायचा? माझ्या मते शेवटची तीन-चार सत्रं पंधरा दिवसांनी, मग महिन्याने घ्यावीत आणि त्यात सराव आईने घ्यावा, थेरपिस्टने नुसतं बघावं. निरोपाच्या दिवशी घरच्यांनी स्वतःच्या शब्दांत अर्धं पान लिहावं. या मुलीसाठी ते असं होईल: पहिली खूण म्हणजे रविवार रात्रीचं पोटदुखी. ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी शाळा. फारच जड गेलं तर एकच पायरी खाली, म्हणजे आई फाटकात पाच मिनिटं, वर्गापर्यंत नाही, आणि आठवडाभरात परत वर. भीतीमुळे लागोपाठ दोन दिवस शाळा बुडाली तर फोन. भेटी एक, तीन आणि सहा महिन्यांनी, शिवाय जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर. ही अंतरं व्यवहारातली आहेत, कुठल्या प्रयोगाने ठरवून दिलेली नाहीत.

नुसत्या भेटी वाढवून भागत नाही, हेही मान्य करायला हवं. अमेरिकेतल्या 'कॅम्स' या मोठ्या प्रयोगात 488 मुलं होती आणि उपचारांचा उपयोग झालेल्यांना पुढे सहा महिने दरमहा सत्रं मिळाली होती. त्यातल्या 319 जणांचा नंतर वर्षानुवर्षं माग काढला. 2018 मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार 22 टक्के सतत बरे राहिले, 30 टक्के सतत आजारी, आणि 48 टक्के मधेच बरे, मधेच पुन्हा आजारी. (यात औषधं घेतलेली मुलंही आहेत, त्यामुळे हा आकडा एकट्या थेरपीच्या माथी मारू नका.) सुरुवातीला कोणता उपचार मिळाला याने लांबच्या निकालात फरक पडला नाही. घरातलं वातावरण बरं असणं मात्र सतत बरं राहण्याशी जोडलेलं आढळलं. त्यावरून पालकांची सत्रं वाढवली की आजार उलटणार नाही, असं सिद्ध होत नाही. पण सोळापैकी दोनच सत्रं घराला देणाऱ्या आराखड्याला यावर उत्तर द्यावं लागेल.