नाव घेते

काकांच्या वर्षश्राद्धाला सानपाड्याच्या घरी तीसेक माणसं होती. जेवणं झाल्यावर काकूंनी एका वहीच्या पानावरून कविता वाचली. आमच्याकडे असं काही झालं की लोक "छान लिहिलंय हो" म्हणून सुपारी उचलतात. या वेळी मात्र शेवटच्या दोन ओळींनंतर कुणी काही बोललंच नाही, आणि आत्या उठून आत गेली.

कवितेची पहिली सोळा ओळी यमकातली प्रशस्ती आहे. काका देवमाणूस, काका वटवृक्ष, काकांच्या जाण्याने घर पोरकं. यातली एकही ओळ खोटी नाही, पण एकही काकांची नाही. साठीतल्या कुठल्याही बँक कर्मचाऱ्याचा फोटो वर लावला तरी ती चालेल. समोर दीर, नणंदा, व्याही बसलेले असताना त्यांना अपेक्षित ते आधी देऊन टाकावं लागतं, म्हणून मी या भागाला फार दोष देत नाही.

मग यमक अचानक सुटतं:

सिलिंडर बुक केला की ओटीपी तुमच्या फोनवर येतो.
रिचार्ज मी अजून करते.
वर्षभरात तुम्ही मला एवढेच आकडे सांगितलेत.
माझे डोळे भरून येतात.

कविता सुरू होते ती इथे. 'तुम्ही' हे संबोधनही इथे पहिल्यांदा येतं. त्याआधी काका तृतीयपुरुषी होते, श्रद्धांजलीच्या बोर्डावर असतात तसे. गॅसचं कार्ड, वीजबिल, सोसायटीची नोटीस हे सगळं माणूस गेल्यावरही त्याच्याच नंबराला बांधलेलं राहतं. मी व्यवसायाने असल्याच सिस्टिम बनवतो, तरी नंबर बदलायचा फॉर्म भरायला माणूस का टाळाटाळ करत असेल हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. चौथी ओळ मात्र काढायला हवी होती. तिसरीने जे केलंय त्याचा चौथी खुलासा करते, आणि खुलासा झाला की ऐकणारा सुटतो.

आता शेवट. नावाच्या जागी मी रेघ ठेवतो:

सानपाड्याला थांबते हार्बर गाडी क्षणभर,
—रावांचं नाव घेते, कुणी म्हटलं नाही 'घे' वर्षभर.

हा उखाणा आहे. एरवी 'अहो' आणि 'हे' यांवर संसार करणाऱ्या बाईला नवऱ्याचं नाव चारचौघांत उच्चारायची परवानगी ज्या एका प्रकारात होती, तो हा. त्याची रचना ठरलेली: पहिली ओळ कसलीही, चांदीचं ताट नाहीतर महादेवाची पिंडी, तिचं काम फक्त यमक पुरवायचं. दुसऱ्या ओळीत नाव. आणि त्याआधी बायकांचा गलका, "नाव घे, नाव घे." हा गलका रचनेचाच भाग आहे, उखाणा आपणहून म्हणायचा नसतो, आग्रहाने म्हणायचा असतो. नवरा गेला की हळदीकुंकवाचं बोलावणं थांबतं आणि त्याबरोबर हा आग्रहही. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं या प्रथांविरुद्ध ठराव केला. न केलेला आग्रह असल्या यादीत कसा लिहिणार? काकूंनी तो यमकात लिहिला. 'क्षणभर'ला जुळणारा 'वर्षभर' सहज पडलेला वाटतो, पण त्याच शब्दाने ही ओळ समोर बसलेल्या प्रत्येकाचा हिशेब मांडते.

विधवेची कविता म्हटलं की आपल्याकडे इंदिरा संत आठवतात. नवऱ्याबरोबर १९४० साली 'सहवास' हा संयुक्त संग्रह, १९४६ मध्ये ना. मा. संतांचं निधन, आणि पुढचा संग्रह 'शेला' १९५१ चा. त्या कवितेला कौटुंबिक श्रोता नको असतो. ती एकांतात वाचायची, आणि तिच्यातला 'तू' कोण होता हे माहीत नसलं तरी अडत नाही. काकूंच्या कवितेला ही उंची नाही, आणि मी तशी तुलना करत नाहीये. तिचं काम वेगळं आहे. तिच्यातलं दुःख कागदावर अर्धंच आहे. उरलेलं अर्धं त्या खोलीत, ज्यांनी वर्षभर 'घे' म्हटलं नाही त्यांच्या गप्प बसण्यात होतं. म्हणून ती छापली की थोडी मरेल, हे मला मान्य आहे.

तरीही छापायचंच ठरलं आहे. चुलतभाऊ कविता फ्रेम करून फोटोशेजारी लावणार आहे, आणि त्याने ग्रुपवर टाकलेल्या मजकुरात पहिल्या सोळाच ओळी आहेत. "पुढचं जरा घरगुती आहे," असं तो म्हणाला. मी काकूंना फोन केला. त्या म्हणाल्या, "राहू दे रे, भिंतीवर तेवढंच बरं दिसतं." मग थोडं थांबून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी दुसरा घेईन."