खिडकी, ‘आइते’ आणि ‘आकेते’

जपानीतली तीन वाक्ये घेऊ. पहिले, ‘मादो गा आइते इरु’. दुसरे, ‘मादो गा आकेते आरु’. तिसरे, ‘मादो ओ आकेते ओकु’. तिन्हींत खिडकी आहे, तिन्हींत उघडणे आहे, आणि तिन्हींच्या मध्यभागी ‘ते’ हे एकच अक्षर बसले आहे. पहिल्यात खिडकी उघडी आहे, एवढेच कळते. दुसऱ्यात ती कुणीतरी काही हेतूने उघडलेली आहे. तिसऱ्यात पुढच्या सोयीसाठी ती आताच उघडून ठेवायची आहे. जपानी क्रियापदाच्या ‘ते’ रूपाचा बहुतेक रस या तीन वाक्यांत सापडतो. फक्त ती जरा सावकाश वाचावी लागतात.

आधी कानाने वाचू. ‘आइते’ आणि ‘आकेते’ ही एकाच शब्दाची दोन रूपे वाटतात, पण ही दोन क्रियापदे आहेत. खिडकी आपण होऊन उघडते ती ‘आकु’, आणि कुणी ती उघडतो ते ‘आकेरु’. ‘आकेरु’चे रूप सोपे आहे. शेवटचा ‘रु’ काढायचा आणि ‘ते’ लावायचा. ‘ताबेरु’चे ‘ताबेते’, ‘मिरु’चे ‘मिते’, तसेच हे. या गटाला जपानी व्याकरणात इचिदान म्हणतात, म्हणजे एका पायरीचा. रूपे बदलली तरी मूळ धातू जागचा हलत नाही. ‘आकु’ मात्र गोदान, म्हणजे पाच पायऱ्यांचा. त्याच्या शेवटचा स्वर रूपागणिक पायऱ्या बदलतो. अशा धातूला ‘ते’ लागला की बरीच झीज होते, आणि नवशिक्यांची खरी पंचाईत इथेच होते.

ही झीज मनमानी नाही. जुन्या जपानीत ‘काकु’ (लिहिणे) याचे रूप ‘काकिते’ होते, ‘योमु’ (वाचणे) याचे ‘योमिते’, ‘तोरु’ (घेणे) याचे ‘तोरिते’. हेइआन काळापासून बोलण्याच्या ओघात मधली अक्षरे विरघळू लागली. जपानी वैयाकरण याला ओन्बिन म्हणतात. ‘काकिते’मधला ‘क’ गळला आणि ‘काइते’ उरले. ‘तोरिते’, ‘माचिते’ आणि ‘ओमोइते’ या तिन्हींत ‘ते’च्या आधी एक अडखळ आली आणि ‘तोत्ते’, ‘मात्ते’, ‘ओमोत्ते’ झाले. म्हणून आज ‘उ’, ‘त्सु’ आणि ‘रु’ने संपणारी गोदान क्रियापदे एकाच रांगेत उभी दिसतात. ‘योमिते’त ओठांचा ‘म’ होता, त्याचा ‘न’ झाला आणि पुढच्या ‘त’ला आपला घोष देऊन गेला, म्हणून ‘योन्दे’. ‘आसोबु’चे ‘आसोन्दे’ आणि ‘शिनु’चे ‘शिन्दे’ याच वाटेने आले. ‘नु’ने संपणारे क्रियापद आजच्या प्रमाण जपानीत ‘शिनु’ हे एकच आहे. एकट्या मरणासाठी व्याकरणाने नियमाची अख्खी जागा राखून ठेवली आहे, असे कधी कधी वाटते.

मला यातले सर्वांत सुंदर रूप ‘ओयोगु’ (पोहणे) याचे वाटते. ‘काकु’प्रमाणे इथेही व्यंजन गळते, पण ‘ओयोइते’ होत नाही, ‘ओयोइदे’ होते. ‘ग’ स्वतः नाहीसा होतो, पण जाताना आपला घोष मागे ठेवून जातो आणि ‘ते’चा ‘दे’ होतो. ‘आइते’ऐवजी ‘आइदे’ का नाही, याचे उत्तरही त्यातच आहे. ‘आकु’मध्ये अघोष ‘क’ होता, त्यामुळे मागे ठेवण्यासारखे काही नव्हते. हे एकदा ऐकू आले की पाठांतराची तक्ता-गाणी लागत नाहीत. शिवाय जुने रूप अजून जिवंत आहे. विनयदर्शक ‘काकिमासु’, ‘योमिमासु’, ‘ओयोगिमासु’ यांत ‘कि’, ‘मि’, ‘गि’ जसेच्या तसे आहेत. तिथे ‘मासु’ऐवजी ‘ते’ ठेवून भरभर बोलून पाहिले, तर झीज कुठे झाली ते जिभेला कळते. पश्चिम जपानात ही झीज वेगळ्या दिशेनेही गेली. ‘काउ’ (विकत घेणे) याचे तोक्योत ‘कात्ते’ होते, तर कान्साइ बोलीत ‘कोओते’. नियमाला न जुमानणारी क्रियापदे थोडी आहेत. ‘इकु’ (जाणे) याचे ‘इइते’ न होता ‘इत्ते’ होते, आणि ‘सुरु’चे ‘शिते’, ‘कुरु’चे ‘किते’.

गट ओळखणे हीच खरी कसोटी. ‘कायेरु’ असे ऐकले तर ते घरी परतणे असू शकते किंवा एखादी गोष्ट बदलणे. परतणे गोदान आहे, त्याचे ‘कायेत्ते’ होते. बदलणे इचिदान आहे, त्याचे ‘कायेते’. ‘किरु’चेही तसेच. कापणे असेल तर ‘कित्ते’, कपडे घालणे असेल तर ‘किते’. आणि ‘कुरु’चे ‘किते’ही त्याच अक्षरांत येऊन बसते, त्याला वेगळे करते ते फक्त आघाताचे ठिकाण. शंका आली तर नकार विचारावा. परतणाऱ्याचा नकार ‘कायेरानाइ’ होतो, म्हणजे ‘र’ टिकतो आणि धातू पायरी बदलतो, तो गोदान. बदलणाऱ्याचा ‘कायेनाइ’, तो इचिदान. शब्दकोशातल्या रूपाकडे नुसते पाहून ही ओळख पटत नाही, आणि ज्याने नकार आधी पाठ केला त्याला ‘ते’ रूप सोपे जाते.

आता अर्थाकडे वळू. ‘ते’ने संपलेल्या क्रियापदात काळ नसतो, आज्ञाही नसते. हे शेवटच्या क्रियापदावर सोडलेले असते. मराठी वाचकाला हे नवे नाही, आपले ‘-ऊन’ हेच करते. ‘उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन निघालो’ यात भूतकाळ शेवटी एकदाच येतो. कॉलिन मासिका यांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या दक्षिण आशियाच्या भाषिक क्षेत्रावरील पुस्तकात भाषांच्या अशा समान ठेवणीचा शोध घेतला, आणि असे जोडक्रियापदांचे साचे भारताच्या सीमेबाहेर पार जपानपर्यंत दिसतात याकडे लक्ष वेधले. खिडकीच्या तिसऱ्या वाक्यात तर साम्य थक्क करणारे आहे. ‘आकेते ओकु’मधला ‘ओकु’ म्हणजे ठेवणे, आणि आपण अगदी तेच म्हणतो, ‘उघडून ठेव’. ‘आकेते मिरु’मध्ये ‘मिरु’ म्हणजे पाहणे, म्हणून ‘उघडून पाहा’. दोन भाषांनी ठेवण्याला तरतुदीचे आणि पाहण्याला प्रयोगाचे काम दिले आहे. पण या साम्यावर जास्त विसंबू नये, पहिल्या दोन वाक्यांत वाट वेगळी होते.

‘आइते इरु’मधला ‘इरु’ म्हणजे असणे. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्यांना ‘ते इरु’ हा चालू काळ म्हणून शिकवला जातो, आणि ‘ताबेते इरु’ म्हणजे जेवतो आहे, तोपर्यंत ते ठीकच चालते. ‘शिन्दे इरु’ला मात्र तो नियम लावला की माणूस मरायला टेकलेला दिसतो, प्रत्यक्षात तो मेलेला असतो. किन्दाइचि हारुहिको यांनी 1950 साली जपानी क्रियापदांची चार भागांत विभागणी केली, आणि तेव्हा याचे कारण स्पष्ट मांडले गेले. काही क्रिया लांबतात, जसे जेवणे किंवा वाचणे. त्यांना ‘ते इरु’ लावले की क्रिया चालू असते. काही क्रिया क्षणात घडून अवस्था बदलतात, जसे मरणे, बसणे, लग्न होणे. तिथे ‘ते इरु’ बदलानंतरची अवस्था सांगते. खिडकीचे ‘आकु’ या दुसऱ्या प्रकारातले आहे, म्हणून ‘आइते इरु’ म्हणजे उघडी आहे, उघडत आहे नव्हे. ‘सुवात्ते इरु’ला ‘बसला आहे’ म्हणणारा मराठी माणूस इथे चुकत नाही.

‘आकेते आरु’ला मराठीत जागा शोधायची तर ‘उघडून ठेवलेली आहे’ असे म्हणावे लागते. ‘आरु’ हेही असणेच, पण निर्जीव वस्तूंचे. त्याच्यासमोर सकर्मक ‘आकेते’ ठेवले की वाक्यात एक अदृश्य माणूस येतो. तो कोण ते सांगितलेले नसते, पण तो आला होता आणि काही मनात धरून गेला, हे वाक्य सांगते. पाहुणे येणार म्हणून पेये थंड करून ठेवलेली आहेत, हेही याच रचनेत म्हणतात. ‘आइते आरु’ मात्र कुणी म्हणत नाही. अकर्मक खिडकीच्या मागे तो माणूस उभाच राहू शकत नाही. म्हणून ‘आइते’ की ‘आकेते’ हा प्रश्न आधी कर्त्याचा आहे, उच्चाराचा नंतर.

बोलण्यात या रचना पुन्हा झिजतात. ‘आकेते ओकु’चे ‘आकेतोकु’ होते, ‘आइते इरु’चे ‘आइतेरु’. ‘ते शिमाउ’, म्हणजे आपले ‘करून टाकणे’ किंवा ‘होऊन बसणे’, याचे तर ‘च्याउ’च होते. ‘शिमाउ’मध्ये काम पुरते संपल्याचा सुटकेचा सूरही असतो आणि हातून निसटल्याची हळहळही. ‘आकेच्यात्ता’ हे उघडले एकदाचे की उघडायला नको होते, ते आवाजावरून आणि प्रसंगावरून ठरते. ‘दे’ असलेल्या क्रियापदांत तेच ‘ज्याउ’ होते, ‘ओयोइज्यात्ता’. पोहणाऱ्या ‘ग’चा घोष इथवर पाठ सोडत नाही.

‘ते’ला देण्याघेण्याची क्रियापदेही जोडतात. शेजाऱ्याने खिडकी उघडली आणि मला बरे वाटले, तर ‘आकेता’ पुरेसे नाही, ‘आकेते कुरेता’ हवे. त्याच्याशिवाय वाक्य व्याकरणाला धरून असते, पण ऐकणाऱ्याला उपकार नाकारल्यासारखे वाटते. त्याच गोष्टीला मी आपल्या बाजूने ‘आकेते मोरात्ता’ म्हणू शकतो, आपण ‘त्याच्याकडून उघडून घेतली’ म्हणतो त्याच्या जवळ, फक्त जपानीत कृतज्ञता अधिक ठळक असते. ‘आकेते आगेरु’ हा मात्र निसरडा जिना आहे. शिक्षकांना ‘आकेते आगेमाशोओ का’ विचारले तर शब्द मदतीचे असतात, पण उपकार आपणच मोजून दाखवतो. तिथे ‘आगेरु’ गाळून ‘आकेमाशोओ का’ एवढेच म्हणतात.

एक मर्यादा राहिली. ‘ते’ कारणही सांगतो, ‘काझे ओ हिइते यासुन्दा’, सर्दी होऊन सुट्टी घेतली. पण ‘थंडी वाजते, खिडकी बंद करा’ असे म्हणायचे तर ‘सामुकुते’ म्हणून पुढे ‘मादो ओ शिमेते कुदासाइ’ जोडता येत नाही. कारणाचा ‘ते’ आपण होऊन आलेल्या परिणामाकडे नेतो, विनंती किंवा आज्ञा त्याला पेलत नाही. तिथे ‘सामुइ कारा’ म्हणावे लागते. आणि ‘शिमेते कुदासाइ’मधला ‘ते’ मात्र तसाच राहतो, कारण तिथे तो ‘कुदासाइ’ला, म्हणजे ‘द्या’ला, जोडलेला आहे.