मुखचर्येची क्रियापदे आणि कोशातील प्रतिशब्द

इंग्रजीतील ‘स्माइल’, ‘ग्रिन’, ‘स्मर्क’, ‘फ्राउन’ आणि ‘स्काउल’ या पाच क्रियापदांना मराठी प्रतिशब्द विचारले असता पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी बहुधा अडखळत नाही. स्मित करणे, दात काढणे, कुत्सितपणे हसणे, कपाळाला आठ्या घालणे, डोळे वटारणे, अशी पाच उत्तरे तो क्रमाने देतो आणि द्विभाषिक कोशाच्या दृष्टीने ती चुकीचीही नसतात. परंतु हे प्रतिशब्द वाक्यात योजून पाहिले, आणि विशेषतः अमरावती जिल्ह्यातील तिवसा परिसरात बोलल्या जाणाऱ्या वऱ्हाडीशी ताडून पाहिले, म्हणजे या सुबक जुळणीतील दोष उघड होतो. इंग्रजी क्रियापद भाव आपल्या धातूतच साठवून ठेवते. मराठीत तो भाव बहुतांशी धातूत नसतो. तो नामाला लागलेल्या विभक्तीत, चेहऱ्याच्या निवडलेल्या अवयवात आणि साहाय्यास घेतलेल्या क्रियापदात वाटला गेलेला असतो. शब्दाला शब्द ठेवणारा कोश नेमका हा वाटा गमावतो.

बेथ लेविन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी क्रियापदांच्या वर्गीकरणात ही पाचही क्रियापदे शब्दावाचून भाव प्रकट करणाऱ्या एकाच गटात घातली आहेत. तेथे त्यांचा शेजार हसणे, रडणे, सुस्कारणे, जांभई देणे यांचा आहे. या गटाची एक खूण अशी की, प्रकट झालेला भावच कर्म म्हणून क्रियापदापुढे ठेवता येतो. इंग्रजीत एखादी स्त्री आपले आभार ‘स्माइल’ करू शकते. मराठीत ‘तिने आभार हसले’ हे वाक्य कोणी उच्चारणार नाही. ‘तिने हसून आभार मानले’ असेच म्हणावे लागते, म्हणजे हसणे एक क्रिया आणि आभार मानणे ही दुसरी. एवढ्यावरून मराठी क्रियापद दरिद्री ठरवण्याची घाई मात्र करू नये.

प्रथम ‘हसणे’ घ्यावे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा भेद सांगितले आहेत. त्यांतील पहिल्या ‘स्मित’ या भेदात गाल किंचित फुलतात पण दात दिसत नाहीत, तर दुसऱ्या ‘हसित’ या भेदात दात किंचित दिसू लागतात. अशी रेघ संस्कृतात पूर्वीच ओढलेली असताना बोलीतील मराठीने ती स्वीकारलेली नाही. आवाज होवो वा न होवो, दात दिसोत वा न दिसोत, क्रिया ‘हसणे’ हीच. ‘स्मित’ हा शब्द मराठीत राहिला तो ग्रंथभाषेचा पाहुणा म्हणून. तिवशाच्या बाजारात भाजी घेणाऱ्या बाईने ओळखीच्या बाईकडे पाहून ‘स्मित केले’ असे लिहिणारा लेखक तिला नकळत रंगभूमीवर उभी करतो.

पण जो भेद धातूने सोडून दिला तो विभक्तीने उचलला आहे. ‘तो माझ्याकडे पाहून हसला’ आणि ‘तो मला हसला’ या दोन वाक्यांत धातू तोच, चेहराही कदाचित तोच. परंतु पहिल्यात ओळख किंवा आपुलकी असू शकते, दुसऱ्यात केवळ उपहास आहे. वऱ्हाडीत ‘ला’ऐवजी ‘ले’ येतो आणि ‘मले हासू नको’ याचा अर्थ माझी थट्टा करू नकोस एवढाच होतो. माझ्याकडे प्रसन्न मुद्रेने पाहू नकोस असा तो कधीही होत नाही. ज्या तुच्छतेसाठी इंग्रजीने ‘स्मर्क’ हे वेगळे क्रियापद राखून ठेवले, तिचा बराचसा भाग मराठीने एका प्रत्ययावर सोपवला आहे. हाच प्रत्यय कर्त्याला लावला की भाव पुन्हा पालटतो. ‘मले हासू आलं’ या वाक्यात हसणारा हा कर्ता राहतच नाही. हसू त्याच्याकडे येते, आणि तो फार तर ते आवरू शकतो. ‘मी हासलो’ असे कबूल करणाऱ्या मुलाला मार बसेल आणि ‘मले हासू आलं’ म्हणणारा कदाचित सुटेल, हे पोरांना व्याकरण शिकण्याच्या फार आधी समजते.

‘ग्रिन’चा प्रतिशब्द म्हणून येणारे ‘दात काढणे’ अधिक फसवे आहे. इंग्रजी शब्द आनंदाच्या, खोडकरपणाच्या किंवा निर्लज्जपणाच्या हसण्याला सारखाच चालतो. लहान मूल बक्षीस घेऊन ‘ग्रिन’ करते त्यात दोष नसतो. ‘दात काढणे’ हे मात्र पाहणाऱ्याने केलेले दोषारोपण आहे. ‘काऊन दात काढून राह्यला?’ हा प्रश्न वडीलधारा माणूस पोराला विचारतो तेव्हा त्याला कारण जाणून घ्यायचे नसते, हसणे थांबवायचे असते. याची सोपी कसोटी प्रथमपुरुषाची. ‘बक्षीस मिळाले तेव्हा मी दात काढले’ असे स्वतःविषयी गंभीरपणे कोणी सांगत नाही. सांगितलेच तर स्वतःची टवाळी म्हणून. शिवाय या वाक्प्रचाराला अकर्तृक जोड नाही. ‘दात निघाले’ म्हटले की हसण्याचा संबंध सुटतो आणि बाळाला दात येण्याची गोष्ट सुरू होते. अर्थात ‘दात काढणे’ नेहमी हेतुपूर्वकच असते. ‘दात विचकणे’ याचीही गत तीच, केवळ तिरस्कार आणखी एक पायरी वर.

‘फ्राउन’च्या बाबतीत मराठी व्याकरण खरोखर सूक्ष्म होते. भुवया एकमेकींकडे ओढून खाली आणणाऱ्या स्नायूमुळे भ्रूमध्यात उभ्या सुरकुत्या पडतात. डार्विनने १८७२ च्या आपल्या ग्रंथात या मुद्रेचा अर्थ केवळ राग असा लावला नाही. विचाराच्या किंवा कामाच्या ओघात काही अवघड वा अप्रिय आडवे आले की ही मुद्रा होते, असे त्याने नोंदवले. गणित सोडवणारा आणि रागावलेला, दोघेही इंग्रजीत ‘फ्राउन’ करतात. उन्हाकडे पाहणाराही करतो. मराठीत या तिघांची वाट फुटते. वैशाखाच्या उन्हात वावराच्या धुऱ्यावर उभा असलेला माणूस डोळे बारीक करतो, गणित सोडवणारा विचारात पडतो, आणि आठ्या प्रामुख्याने उरतात त्या नापसंतीसाठी.

त्या आठ्यांनाही दोन क्रियापदे आहेत. ‘म्हाताऱ्याने पत्र वाचले आणि’ एवढे लिहून पुढे इंग्रजीतील ‘फ्राउन’ भाषांतरित करावयाचे आहे असे समजू. एक पर्याय ‘कपाळाला आठ्या घातल्या’ हा, दुसरा ‘त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या’ हा. पहिल्यात म्हातारा तृतीयान्त कर्ता आहे. दुसऱ्यात तो षष्ठीत मागे सरतो आणि आठ्याच कर्त्याच्या जागी येतात. ‘मुद्दाम’ हे क्रियाविशेषण पहिल्या वाक्यात सहज बसते, दुसऱ्यात बसत नाही. ‘नकळत’ दुसऱ्यात शोभते, पहिल्यात खटकते. ‘आठ्या घालू नकोस’ अशी आज्ञा करता येते, ‘आठ्या पडू नकोस’ अशी करता येत नाही. परिणामी पहिला म्हातारा समोर बसलेल्या सुनेला आपली नाराजी दाखवत आहे. दुसऱ्याला पत्रातील मजकूर लागला आहे. सून घरात नसती तरी त्या आठ्या पडल्याच असत्या. इंग्रजी मूळ या दोहोंविषयी मौन पाळते. मराठी भाषांतरकाराला ते मौन पाळण्याची मुभा नाही. त्याने निवड केलीच पाहिजे, आणि ती करण्यासाठी पुढचे पान वाचले पाहिजे. कोशात ‘घालणे’ असलेले रूपच तेवढे पाहून लिहिणारा प्रत्येक पात्राला दिखाऊ ठरवून बसतो. ‘तोंड पडणे’ आणि ‘तोंड पाडणे’, ‘तोंड फुगणे’ आणि ‘तोंड फुगवणे’ या जोड्यांतही हाच भेद आहे. ‘भुवया उंचावणे’ येथे धातू एकच राहतो. पण ‘त्याने’ की ‘त्याच्या’ यावर निकाल लागतो.

शेवटी ‘स्काउल’. येथे कोशातील जुळणी चेहऱ्याच्या अंगानेच उलटी पडते. ‘स्काउल’मध्ये भुवया खाली येतात आणि मुद्रा आवळली जाते. ‘डोळे वटारणे’ यात डोळे विस्फारतात, बुबुळे बाहेर आल्यासारखी दिसतात. दोहोंत राग आहे एवढ्यावर कोशकार समाधान मानतो; चित्रकाराला हे भाषांतर दिले तर तो वेगळाच माणूस काढील. भेद येथेच संपत नाही. इंग्रजी माणूस एकटा बसून, कोणाकडेही न पाहता ‘स्काउल’ करू शकतो. डोळे वटारायला समोर माणूस लागतो, आणि बहुधा तो धाकटा असावा लागतो. ‘मायनं डोये वटारले अन् पोरगं गप बसलं’ हे वऱ्हाडी वाक्य कोणाला वावगे वाटत नाही, कारण तो तिचा अधिकार आहे. ‘बापावर डोये वटारते’ असे पोराविषयी म्हटले की ते वर्णन राहत नाही, उद्धटपणाची तक्रार होते. एकट्याने धुमसणाऱ्या माणसासाठी मराठीत ‘कपाळाला आठ्या घालून बसला होता’ हेच अधिक जवळचे.

या भेदांचे मोल कथेच्या भाषांतरापुरते नाही. जिल्ह्यातील न्यायालयात साक्ष मराठीत नोंदली जाते आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेल्यास तिचे इंग्रजीत भाषांतर करावे लागते. एखादी स्त्री ‘थो माह्याकडे पाहून हासला’ असे म्हणाली असे कल्पावे. भाषांतरकारापुढे आवाज न करता हसणे, मोठ्याने हसणे आणि ‘स्मर्क’ असे तीन तरी पर्याय आहेत, आणि तिने उच्चारलेल्या धातूत त्यांपैकी एकाचाही निवाडा नाही. ‘स्माइल’ लिहिले तर आरोप विरघळतो. ‘स्मर्क’ लिहिले तर तिने न उच्चारलेला हेतू कागदावर येतो. ती ‘मले हासला’ म्हणाली असती तर उपहास तिच्याच शब्दांत आला असता. तिने ‘कडे पाहून’ म्हटले आहे, म्हणजे नजरेची दिशा सांगितली आहे, हेतू सांगितलेला नाही. अशा ठिकाणी प्रामाणिक भाषांतर लांबट होते: त्याने आपल्याकडे पाहिले आणि तो हसला, एवढेच. हसण्याला आवाज होता काय, दात दिसले काय, हसणे किती वेळ टिकले, हे साक्षीदाराला त्याच वेळी विचारावयास हवे; नंतर कोश उघडून ते सापडत नाही.