नऊशेचे सहाशे

इंझोरीहून मी ‘शकुंतला’ या रेल्वेगाडीवर लेख पाठवला तेव्हा तो नऊशे शब्दांचा होता. रविवार पुरवणीत जागा सहाशेची. कापणी करणाऱ्या उपसंपादक ताईंनी कॉपी छापून त्यावर पेन्सिल चालवली आणि ती मला परत दिली. तो कागद आजही माझ्याकडे आहे. त्यातल्या खुणा मी एखादी कविता वाचावी तशा वाचत आलो आहे.

पहिली खूण काटछाटीची नव्हतीच. सहाव्या परिच्छेदाभोवती त्यांनी चौकट काढून समासात लिहिले होते, ‘गाभा’. मूर्तिजापूर–यवतमाळ हा ११३ किलोमीटरचा नॅरोगेज मार्ग मालकीने एका कंपनीचा आणि त्यावर गाडी चालवणार भारतीय रेल्वे; या दुहेरी व्यवस्थेत रूळ थकत गेले, गाडी थांबली आणि कारंजा-दारव्हा पट्ट्याचा स्वस्त प्रवास गेला. लेख कशासाठी लिहिला, ते याच परिच्छेदात होते आणि मी ते अर्ध्या वाटेवर टाकले होते. बातमी शेपटाकडून कापता येते, कारण तिचे महत्त्वाचे वर असते. माझा लेख तसा कापला असता तर नेमका गाभाच कडेला लोंबकळला असता. ताईंनी बाण काढून तो दुसऱ्या परिच्छेदाच्या जागी नेला.

मग त्यांनी आकडे, सन, नावे यांच्याखाली रेघा ओढल्या. रेघ असलेले काहीही पडू द्यायचे नाही, उरलेल्यातूनच कापायचे.

सर्वात मोठा घास निवेदनांचा होता. दोन वयस्कर प्रवाशांचे म्हणणे मी दिले होते. दोघेही एकच सांगत होते, की एसटीपेक्षा ही गाडी परवडायची. दुसऱ्याचे नव्वद शब्द गेले. मला ते रसाळ वाटत होते, पण वाचकाला त्यातून नवे काही कळत नव्हते. पहिल्यांचे बोलणे मात्र त्यांनी शब्दानेही छेडले नाही. प्रवासाच्या आठवणीची सुरुवात एकशेवीस शब्दांवरून चाळीसवर आली. शेवटचे पासष्ट शब्द पूर्ण गेले, कारण तिथली मागणी गाभ्यात आधीच होती.

उरलेले पंचाहत्तर शब्द त्यांनी वाक्यांच्या आतून काढले, आणि हा भाग मला सर्वात सुंदर वाटतो. मी लिहिले होते : ‘१९०३च्या सुमारास किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या वतीने वऱ्हाडातील कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत नेण्याच्या उद्देशाने या मार्गाची उभारणी करण्यात आली होती.’ एकोणीस शब्द. पेन्सिलीखाली उरले : ‘वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराला जावा म्हणून कंपनीने १९०३च्या सुमारास हा रूळ टाकला.’ बारा शब्द. ‘च्या वतीने’, ‘उद्देशाने’, ‘उभारणी करण्यात आली होती’ ही सरकारी मराठी गळाली आणि वाक्याला कर्ता मिळाला. कापूस वाक्याच्या तोंडाशी आला, कारण रूळ त्याच्यासाठीच पडले. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावले, हे मी तीन वाक्यांत सांगितले होते. ते एकात बसले.

पण वाचणाऱ्याच्या लक्षात आले असेल की बारा शब्दांत किलिक-निक्सनचे नाव नाही. गाभा वर गेला तेव्हा तिथली ‘एका कंपनीचा’ ही शब्दयोजना अपुरी पडली. आधी कुठेच ओळख नसताना वाचकाने कोणती कंपनी समजायची? म्हणून ताईंनी नाव तिथे नेले आणि ‘या ब्रिटिश कंपनीचा’ असे केले. कापता कापता त्यांनी अशा दुरुस्त्यांत दहा शब्द घातले. म्हणजे तीनशे दहा गेले, दहा आले. कापलेल्या लेखात असे पोरके झालेले ‘ती’, ‘हा’, ‘वर म्हटल्याप्रमाणे’ शोधणे हेच खरे काम. काय गेले ते माहीत असलेल्याला ते दिसत नाहीत, म्हणून त्यांनी उरलेला मजकूर लेख न वाचलेल्या सहकाऱ्याला मोठ्याने वाचायला दिला होता. तो ‘ती गाडी’पाशी अडखळला, आणि तिथे ‘शकुंतला’ परत आली.

एका ठिकाणी मात्र मला अजून वाटते की पेन्सिल थोडी पुढे गेली. सुरुवातीच्या आठवणीत बाजाराला निघालेल्या बाईच्या डोक्यावरची टोपली होती. त्या टोपलीत सन नव्हता, आकडा नव्हता, म्हणून तिच्याखाली रेघ आली नाही. पण गाभ्यातला ‘स्वस्त प्रवास’ कोणाचा, हे ती टोपली सांगत होती. मी विचारले तेव्हा ताईंनी शब्द मोजले, ‘डोक्यावर टोपली घेतलेल्या बाया’ एवढे चारच, आणि इंजिनाच्या वाक्यातले चार विशेषण-शब्द काढून ते बसवले.