बोरॉनपाशी वळणारा आरोह

रसायनशास्त्राच्या पुस्तकातले आवर्तितेचे प्रकरण बहुतेकांना एका वाक्यात आठवते: आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार घटतो आणि आयनीभवन ऊर्जा वाढते. त्या वाक्याखाली बारीक टाइपात दोन-तीन टिपा असतात. बेरिलियमनंतर बोरॉनची ऊर्जा कमी, नायट्रोजननंतर ऑक्सिजनची कमी, ॲल्युमिनियमखाली गॅलियमचा आकार अपेक्षेपेक्षा लहान. परीक्षेला बसणारा विद्यार्थी त्या घोकतो आणि पुढे जातो. आपल्याला मात्र कुठलीच घाई नाही. आपण या टिपांपाशीच बैठक मारू, कारण मुख्य वाक्याचा सगळा अर्थ, माझ्या मते, या बारीक अक्षरांतच साठलेला आहे.

आधी दुसऱ्या आवर्ताच्या अणुत्रिज्या मोठ्याने वाचून पाहू. लिथियम १५२ पिकोमीटर, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लुओरिन ६४. पुस्तकापुस्तकांत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण उतरती लय तीच राहते. सुरुवातीला मोठमोठ्या ढांगा आणि पुढे दबकी पावले. प्रत्येक पायरीवर केंद्रकात एक प्रोटॉन वाढतो आणि बाहेरच्या कवचात एक इलेक्ट्रॉन. नवा इलेक्ट्रॉन आपल्या सोबत्यांना केंद्रकाच्या ओढीपासून थोडे झाकतो, पण सारे एकाच कवचातले असल्यामुळे ते झाकणे अर्धवटच राहते. १९३० साली स्लेटरने या झाकण्याचे अगदी साधे माप दिले: त्याच कवचातला सोबती एका प्रोटॉनच्या ओढीपैकी साधारण ०.३५ भाग अडवतो. उरलेला ०.६५ भाग प्रत्येक पावलागणिक निव्वळ वाढत जातो. त्यामुळे लिथियमच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनला जाणवणारा परिणामी प्रभार १.३ असतो, तर निऑनपर्यंत येता येता तो ५.८५ होतो. दोन्ही अणूंत कवचे दोनच, पण मूठ किती आवळली गेली ते या दोन आकड्यांत दिसते.

आता निऑनची त्रिज्या पाहावी, तर ती एकदम दीडशेच्या पुढे उडी मारते. वाचकाला वाटावे की आवळलेली मूठ अखेरच्या क्षणी सुटली. खरे तर येथे अणू बदललेला नाही, मोजपट्टी बदलली आहे. कार्बन किंवा ऑक्सिजनची त्रिज्या म्हणजे एकमेकांशी बंध जोडलेल्या दोन अणूंच्या केंद्रकांमधले निम्मे अंतर; निऑन कोणाशीच बंध जोडत नाही, म्हणून त्याचे माप घ्यायचे ते नुसते शेजारी टेकलेल्या दोन अणूंमधून. हातात हात गुंफलेली माणसे आणि शेजारून चालणारे अनोळखी लोक यांच्यातले अंतर एकाच यादीत लिहिले, तर शेवटचा आकडा फुगणारच. या टिपेपाशी एवढे थांबणे पुरे. जिथे खरा रस आहे, ती जागा पुढे आहे.

आयनीभवन ऊर्जा म्हणजे वायुरूप, एकट्या अणूतला सर्वांत सैल इलेक्ट्रॉन पूर्णपणे दूर नेण्याची किंमत. किलोज्यूल प्रति मोलमध्ये तीच आठ मूलद्रव्ये आता या क्रमाने ऐकू या: ५२०, ८९९, ८०१, १०८६, १४०२, १३१४, १६८१, २०८१. हा चढ सपाट रस्त्यासारखा नाही. काही रागांचा आरोह वक्र असतो. स्वर वर जाता जाता एकदा मागे वळतो आणि मग पुन्हा वर झेपावतो. येथेही आरोह दोनदा वळतो, एकदा बोरॉनपाशी आणि एकदा ऑक्सिजनपाशी. त्रिज्यांच्या यादीत मात्र या दोन्ही जागी किंचितही अडखळ नव्हती. आकार हा साऱ्या अणूचा गुण. ऊर्जा मात्र एकाच इलेक्ट्रॉनला, जो निघायच्या बेतात आहे त्याला, त्याची हकिगत विचारते. म्हणूनच त्या इलेक्ट्रॉनच्या घरातली बारीकसारीक गोष्ट आकारात दडून राहते आणि ऊर्जेत बाहेर येते.

बोरॉनची हकिगत अशी. बेरिलियमचे बाहेरचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस उपकवचात आहेत, तर बोरॉनचा नवा इलेक्ट्रॉन पहिल्यांदाच पी उपकवचात उतरतो. एस उपकवचातल्या इलेक्ट्रॉनच्या ढगाचा एक छोटासा भाग केंद्रकाच्या अगदी निकट पोचलेला असतो. आतल्या इलेक्ट्रॉनांचा पडदा भेदून त्याला केंद्रकाचे थेट दर्शन घडते. पी उपकवचाच्या ढगाला केंद्रकापाशी जागाच नाही, तिथे त्याची घनता शून्य होते. त्यामुळे त्याला पडद्याआडूनच ओढ जाणवते, शिवाय एस उपकवचातले दोन इलेक्ट्रॉनही त्याला थोडे झाकतात. केंद्रकात प्रोटॉन एक वाढला, तरी हा इलेक्ट्रॉन ९८ किलोज्यूल स्वस्तात सुटतो. जाता जाता एक बारकावा नोंदवतो: स्लेटरच्या साध्या नियमात एस आणि पी एकाच गटात धरलेले आहेत, म्हणून त्याच्या परिणामी प्रभारात बेरिलियमकडून बोरॉनकडे चढच दिसतो, वळण दिसत नाही. ज्या नियमाने आपल्याला सगळा चढ समजावला, त्यालाच हे वळण ऐकू येत नाही.

ऑक्सिजनपाशी मात्र मला पुस्तकांशी थोडे भांडावेसे वाटते. बहुतेक टिपा म्हणतात की नायट्रोजनचे पी उपकवच अर्धे भरलेले असते, म्हणून तो विशेष स्थिर, म्हणून त्याची ऊर्जा जास्त. या वाक्याने सगळे लक्ष नायट्रोजनकडे वळते, जणू तो ओळीतून उंच उसळलेला स्वर आहे. आकड्यांना विचारून पाहू. बोरॉनपासून कार्बनपर्यंत चढ २८५, कार्बनपासून नायट्रोजनपर्यंत ३१६. नायट्रोजन कुठेही उसळत नाही, तो आपल्या पायरीवर शांत उभा आहे. आता पलीकडे पाहू: ऑक्सिजनपासून फ्लुओरिनपर्यंत ३६७, फ्लुओरिनपासून निऑनपर्यंत ४००. तिथेही जिना नीटनेटका आहे. म्हणजे एका जिन्यात कुठे तरी एक पायरी मोडलेली नाही. तीन-तीन पायऱ्यांचे दोन जिने आहेत आणि दुसरा जिना पहिल्याच्या मानाने खाली बसवलेला आहे. ३१६ आणि ३६७ यांच्या मधला चढ, समजा ३४०, गृहीत धरला तर ऑक्सिजनला १७४० च्या आसपास असायला हवे होते. तो १३१४ वर आहे. सव्वाचारशेहून थोडा जास्त हा उतार एकट्या ऑक्सिजनचा नाही, फ्लुओरिन आणि निऑनही त्याच उताराखाली उभे आहेत. वेगळेपण नायट्रोजनचे नव्हे, त्याच्या पुढच्या तिघांचे.

त्या तिघांत समान काय आहे? पी उपकवचात तीन ऑर्बिटल असतात. नायट्रोजनपर्यंत प्रत्येक नवा इलेक्ट्रॉन स्वतंत्र ऑर्बिटल घेतो आणि तिघांचे स्पिन एकाच दिशेचे असते. समान स्पिनचे इलेक्ट्रॉन स्वभावतःच एकमेकांपासून अंतर राखून वावरतात, त्यामुळे त्यांच्यातले प्रतिकर्षण कमी पडते. चौथा इलेक्ट्रॉन येतो तेव्हा त्याला आधीच वस्ती असलेल्या ऑर्बिटलमध्ये, उलट स्पिन घेऊन राहावे लागते. एकाच खोलीत दोन ऋण प्रभार! ही दाटी ऑक्सिजनपासून सुरू होते आणि निऑनपर्यंत प्रत्येक सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येते. तोच त्या खाली बसलेल्या जिन्याचा पाया.

ही स्पष्टीकरणे केवळ घटनेनंतर जुळवलेली आहेत की खरी, हे ताडण्याची एक सुंदर रीत आहे. प्रत्येक अणूतून एक इलेक्ट्रॉन आधीच काढून टाकू आणि दुसऱ्याची किंमत विचारू. मग बोरॉनच्या धन आयनाची रचना बेरिलियमच्या अणूसारखी होते, कार्बनच्या आयनाची बोरॉनसारखी, ऑक्सिजनच्या आयनाची नायट्रोजनसारखी. कारण खरोखर इलेक्ट्रॉनांच्या मांडणीत असेल, तर दोन्ही वळणे एकेक घर उजवीकडे सरकली पाहिजेत. दुसऱ्या आयनीभवन ऊर्जा पाहा: बोरॉन २४२७, कार्बन २३५३. आणि पुढे ऑक्सिजन ३३८८, फ्लुओरिन ३३७४. केंद्रके तीच, पण वळणे मांडणीच्या मागोमाग बरोबर एक घर चालत आली. मला या चार आकड्यांनी जेवढा आनंद दिला, तेवढा प्रकरणातल्या कुठल्याच व्याख्येने दिलेला नाही.

आता ओळ सोडून गणातून खाली उतरू. तिथे कवच वाढते, आकार वाढतो, इलेक्ट्रॉन सैल होतो: लिथियम ५२०, सोडियम ४९६, सीझियमपर्यंत येता येता ३७६. याच उतरणीवर गॅलियमची टीप भेटते. ॲल्युमिनियमची त्रिज्या १४३, त्याच्या खालच्या गॅलियमची वाढायची ती १३५. ऊर्जाही ५७८ वरून उतरायच्या ऐवजी ५७९. या दोघांच्या दरम्यान स्कँडियमपासून जस्तापर्यंतची दहा मूलद्रव्ये येऊन गेलेली आहेत. त्यांच्याबरोबर दहा प्रोटॉन आले आणि दहा डी इलेक्ट्रॉन आले, पण डी उपकवचाचा ढग पसरट, त्याचा पडदा विरळ. नव्या कवचाने आकार जेवढा वाढवला असता, तेवढा त्या झाकल्या न गेलेल्या ओढीने परत घेतला.

आणि नायट्रोजनच्या गणातून खाली उतरताना ऑक्सिजनपाशी पाहिलेले ते वळण काय होते, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या आवर्तात नायट्रोजनकडून ऑक्सिजनकडे ८८ ची घसरण. तिसऱ्यात फॉस्फरस १०१२, गंधक १०००. घसरण फक्त १२. चौथ्यात आर्सेनिक ९४७, सेलेनियम ९४१, अवघी ६. पाचव्यात अँटिमनी ८३४ आणि टेल्युरियम ८६९, म्हणजे घसरण संपून चढच आला. पुस्तकातली टीप येथे लागू पडत नाही असे वाटेल. पण अणू मोठा झाला, खोली ऐसपैस झाली, की दोन इलेक्ट्रॉनांची दाटी तितकीशी टोचत नाही. जड अणूंत इतरही परिणाम मिसळतात, तरी मुख्य धागा हाच. मघाचाच हिशेब प्रत्येक ओळीत करून पाहिला, तर दुसऱ्या जिन्याचा उतार दुसऱ्या आवर्तात सुमारे ४३०, तिसऱ्यात २५०, चौथ्यात २००, पाचव्यात १०० च्या आसपास येतो. टेल्युरियमपाशी वळण पुसले गेलेले नाही. कथिलाकडून अँटिमनीकडे १२५ चा चढ, टेल्युरियमकडून आयोडिनकडे १३९ चा, आणि त्या दोहोंच्या मध्ये, अँटिमनीकडून टेल्युरियमकडे, फक्त ३५ चा.